फॉर्मल पँटची लांबी नेमकी किती असावी? आधी बूट ठरवा, मग टेप लावा

रेडिमेड पँट घेताना बहुतेक जण कंबर बघतात, रंग बघतात, मांडीत बसते का ते बघतात. लांबीचा विषय आला की दुकानदार म्हणतो, "खालून करून देतो भाऊ, दहा मिनिटांत." मग ट्रायल रूमच्या बाहेर अनवाणी उभं राहायचं, कुणीतरी खाली वाकून पँट मुडपतं, खडूची एक रेघ मारतं आणि काम संपतं.

पँट सैल झाली तर कंबर आत घेता येते. घट्ट झाली तर शिलाई उसवून थोडी सोडता येते. लांबीचं तसं नाही. खालचं कापड एकदा कापलं की ते परत मिळत नाही. साकोलीहून नागपूरला मुलाखतीला जाणाऱ्या मुलाकडे बऱ्याचदा एकच फॉर्मल पँट असते. ती एक इंच आखूड झाली, तर पुढची प्रत्येक मुलाखत आणि प्रत्येक लग्न त्याच आखूड पँटवर काढावं लागतं.

मग बरोबर लांबी ठरवायची कशी? त्याआधी शिवणकामातला एक शब्द समजून घ्यावा लागेल. तो म्हणजे 'ब्रेक'.

ब्रेक म्हणजे काय?

फॉर्मल पँटला समोरून इस्त्रीची उभी घडी असते. ती मांडीपासून सरळ खाली येते. पँटची खालची कड बुटावर टेकली आणि कापड थोडं जास्त असलं, की ही सरळ रेघ बुटाच्या वर एका जागी मोडते. तिथे कापडाची एक आडवी वळी पडते. त्या मोडण्यालाच ब्रेक म्हणतात. कापड जितकं जास्त, तितका मोड खोल.

ढोबळमानाने त्याचे चार प्रकार आहेत.

नो ब्रेक: पँट बुटाला जेमतेम शिवते किंवा अगदी किंचित वर राहते. समोरची घडी कुठेही मोडत नाही. मागून बघितलं तर पँटची कड बुटाच्या मागच्या काठाच्या आसपास असते. चालताना मोजे दिसतात.

स्लाइट ब्रेक: समोर एक उथळ वळी पडते. मागून कड बुटाच्या टाचेकडच्या चामड्याच्या साधारण मध्यावर येते. उभं असताना मोजे दिसत नाहीत, चालताना अधूनमधून दिसतात.

मीडियम किंवा हाफ ब्रेक: समोरची वळी स्पष्ट दिसते. मागून कड त्या मध्याच्या थोडी खाली असते. चालतानाही मोजे फारसे दिसत नाहीत.

फुल ब्रेक: समोर खोल वळी, कधीकधी दोन. मागून कड बुटाच्या टाचेच्या वरच्या काठापर्यंत पोहोचते.

गंमत म्हणजे नो ब्रेक आणि फुल ब्रेक यांच्यात फरक असतो फक्त दीड ते पावणेदोन इंचांचा. एका प्रकारातून दुसऱ्यात जायला साधारण अर्धा ते पाऊण इंच पुरतो. म्हणजे टेप लावताना अर्ध्या इंचाची चूक झाली, तरी पँट मागितली होती त्यापेक्षा वेगळी दिसते.

मग यातला कोणता निवडायचा?

हा प्रश्न आवडीचा वाटतो, पण अर्धं उत्तर पँटचा बॉटम देतो. बॉटम म्हणजे पायाशी असलेला पँटचा घेर. काही टेलर त्याला मोहरी म्हणतात. इथे दिलेलं माप पूर्ण गोल घेराचं आहे. पँट टेबलावर सपाट पसरून मोजली तर आकडा याच्या निम्मा येईल.

बॉटम १२-१३ इंचांचा असेल, तर कापडाला बुटावर पसरायला जागाच नसते. अशी पँट लांब ठेवली की ती बुटावर अडकते आणि नडगीवर वळ्यांचा ढीग जमतो. तिथे नो ब्रेक किंवा फार तर स्लाइट ब्रेकच शोभतो.

बॉटम १४-१५ इंचांचा असेल तर स्लाइट किंवा मीडियम. आज फॉर्मल म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पँटी याच मापाच्या आसपास असतात.

बॉटम १६ इंच किंवा त्याहून मोठा असेल, तर पँट थोडी लांबच हवी. रुंद बॉटमची पँट आखूड ठेवली तर चालताना पायाभोवती फडफडते आणि घरातल्या मोठ्या भावाची पँट घातल्यासारखी दिसते.

जुन्या फोटोंमध्ये हाच हिशोब दिसतो. १९४० च्या दशकातल्या पँटी रुंद आणि कंबरेला उंच असायच्या, म्हणून त्या बुटावर भरपूर टेकलेल्या दिसतात. १९७० च्या दशकात बेलबॉटम आली, ती तर बूटच झाकायची. पुढे बॉटम अरुंद होत गेला, तशी लांबीही कमी झाली. थॉम ब्राउन या अमेरिकी डिझायनरने २००१ साली न्यूयॉर्कमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. त्याच्या सूटची पँट घोट्याच्या वरच संपायची. ती फॅशन म्हणून गाजली, पण मुद्दाम आखूड शिवलेली पँट आणि चुकून आखूड झालेली पँट यात फरक असतो. मुद्दाम आखूड शिवलेल्या पँटचा बॉटम, कोटाची लांबी, मोजे हे सगळं त्या हिशोबाने ठरवलेलं असतं.

उरलेलं अर्धं उत्तर रोजच्या वापरात आहे. भंडारा जिल्हा धानाचा, पावसाळा जोरदार. बसस्टँडपासून ऑफिसपर्यंत चिखलातून चालावं लागत असेल, तर फुल ब्रेकची पँट मागून भिजते, टाचेखाली येते आणि काही महिन्यांत तिची मागची कड झिजून धागे निघतात. अशा वापरासाठी स्लाइट ब्रेक सोयीचा. मुलाखत, ऑफिस, कोर्ट, लग्न या चारही ठिकाणी तो खटकत नाही.

कोर्टाचं उदाहरण घेतलं तर बार काउन्सिलच्या नियमात वकिलांच्या पँटचा रंग दिला आहे. पांढरी, काळी पट्टेदार किंवा करडी, आणि जीन्स चालत नाही. लांबीबद्दल नियम एवढंच म्हणतो की पँट फुल असावी. बाकी सगळं टेलरच्या टेपवर.

बूट बदलला की लांबी का बदलते?

पँटची लांबी आपण कंबरेपासून मोजतो, पण ती संपते बुटावर. बुटाच्या दोन गोष्टी इथे महत्त्वाच्या आहेत. एक, टाच किती उंच आहे. दोन, बुटाचा वरचा भाग किती जाड आणि किती उंच आहे.

लेसवाले फॉर्मल बूट: यांची टाच साधारण एक इंच असते. वरचा भाग घोट्याच्या खाली संपतो आणि समोर उताराचा असतो. पँट त्यावर अलगद टेकते. वर दिलेले चारही प्रकार याच बुटांचा विचार करून सांगितले जातात.

लोफर: लेस नसलेले हे बूट समोरून खूप उघडे असतात, त्यामुळे पायाचा किंवा मोज्याचा जास्त भाग दिसतो. बुटाचा पुढचा भाग सखल असल्याने पँटला टेकायला उंचवटाही कमी मिळतो. लोफरवर नो ब्रेक किंवा स्लाइट ब्रेक नीटस दिसतो. फुल ब्रेक असला तर बूट पँटखाली गडप होतो.

घोट्यापर्यंतचे बूट: चेल्सीसारखे हे बूट घोट्याच्या वर जातात, म्हणून पँटची कड बुटाच्या आत-बाहेर अडकते. बसून उठलं की पँट बुटाच्या वरच्या काठावर चढून बसते. इथे १५ इंचांच्या आसपासचा बॉटम आणि स्लाइट किंवा मीडियम ब्रेक लागतो.

स्पोर्ट्स शूज: तळ जाड आणि वरचा भाग फुगीर. अरुंद पँट त्यावर लगेच अडकून गोळा होते. या बुटांवर माप दिलं तर नंतर फॉर्मल बुटावर पँटची लांबी वेगळीच दिसते. साकोलीसारख्या गावात माप द्यायला जाताना पायात हेच शूज किंवा चप्पल असते, हे विसरायला नको.

कोल्हापुरी किंवा मोजडी: टाच जवळजवळ नसते. फॉर्मल बुटाच्या मापाची पँट यावर पाऊण इंच खाली येते आणि मागून जमिनीला टेकू लागते.

महिलांच्या फॉर्मल पँटला हाच नियम जास्त कडक लागू होतो, कारण टाचेतला फरक तिथे दोन-तीन इंचांचा असू शकतो. हिल्सवर घालायच्या रुंद पँटची मागची कड जमिनीपासून साधारण अर्धा-पाऊण इंच वर ठेवतात. तीच पँट सपाट चपलेवर घातली तर ती फरशी पुसत जाते. त्यामुळे एक पँट हिल्सची की सपाट चपलेची, हे शिवण्याआधीच ठरवावं लागतं.

एकच पँट दोन बुटांवर घालायची असेल तर दोन्हींच्या टाचांमधला फरक बघा. पाव इंचापर्यंतचा फरक डोळ्याला कळत नाही. अर्ध्या इंचाचा फरक असेल तर जो बूट जास्त वापरणार त्यावर माप द्या.

एक पँट, एक माप: प्रत्यक्ष हिशोब

समजा, साकोलीतल्या एका तरुणाने मुलाखतीसाठी करड्या रंगाची रेडिमेड पँट घेतली. बॉटम १४ इंच, लांबी ४२ इंच. त्याचे काळे लेसवाले बूट आहेत, टाच एक इंच. त्याला स्लाइट ब्रेक हवा आहे.

तो शर्ट खोचून, बेल्ट लावून, पँट जिथे नेहमी राहणार तिथे घालून उभा राहिला. अनवाणी असताना पँटच्या कंबरपट्टीच्या वरच्या काठापासून जमिनीपर्यंतचं अंतर भरलं ४१ इंच. बूट घातल्यावर ते झालं ४२ इंच. म्हणजे विकत घेतलेली पँट आहे तशी घातली तर ती बरोबर जमिनीला टेकते.

आता मागून बघू. त्याच्या बुटाची टाच एक इंच आणि टाचेवरचं चामडं दोन इंच. म्हणजे बुटाचा मागचा काठ जमिनीपासून तीन इंचांवर आहे. स्लाइट ब्रेकसाठी पँटची कड त्या चामड्याच्या मध्यावर हवी, म्हणजे जमिनीपासून दोन इंच वर. ४२ मधून दोन गेले, उरले ४०. त्याच्या पँटची तयार लांबी ४० इंच.

मीडियम ब्रेक हवा असता तर साडेचाळीस. फुल ब्रेकला ४१. नो ब्रेकला सव्वाएकोणचाळीसच्या आसपास.

आता याच तरुणाचं माप कुठे चुकू शकतं, ते बघा.

चूक पहिली, अनवाणी माप. दुकानात बूट काढलेले होते. टेलरने सवयीने जमिनीपासून दोन इंच वर खूण केली. ४१ वजा दोन, लांबी झाली ३९.

चूक दुसरी, कंबरेची जागा. जीन्सची सवय असल्याने त्याने पँट एक इंच खाली सरकवून घातली होती, शर्टही बाहेर होता. बूट होते, तरी कंबरपट्टीपासून जमिनीपर्यंतचं अंतर ४२ ऐवजी ४१ भरलं. दोन वजा केले, लांबी ३९. मुलाखतीच्या दिवशी शर्ट खोचला, बेल्ट आवळला आणि पँट एक इंच वर गेली. कंबर जितकी वर जाते, खालची कडही तितकीच वर जाते.

चूक तिसरी, कापड आटणं. माप अगदी बरोबर ४० घेतलं, पण पँट सुती होती आणि धुण्याआधीच कापली. पहिल्या धुण्यात लांबीत अडीच टक्के आटली तर ४० इंचांतला एक इंच जातो. लांबी पुन्हा ३९.

तीन वेगळ्या चुका, आकडा एकच. ३९ इंचांची पँट या तरुणाच्या बुटाच्या मागच्या काठाला जेमतेम शिवते. उभं असतानाही मोज्याची कड डोकावते. आणि यातल्या दोन चुका एकदम झाल्या तर लांबी ३८ वर येते. ती कुठलाही ब्रेक दाखवत नाही, ती सरळ आखूड दिसते.

म्हणून माप देताना तीन गोष्टी पाळायच्या. तेच बूट पायात हवेत, पँट तिच्या खऱ्या जागी हवी आणि सुती कापड आधी पाण्यातून काढलेलं हवं. पॉलिस्टर-व्हिस्कोसच्या सूटिंगमध्ये आटण्याचा प्रश्न फारसा येत नाही. सुती किंवा लिनन पँट मात्र एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच खालून कापायला द्यावी.

माप देताना कसं उभं राहायचं?

लोक इथे एक गोष्ट हमखास करतात. टेलर खाली खूण करत असतो आणि आपण वाकून बघत असतो. वाकलं की पँट समोरून खाली येते आणि मागून वर जाते. त्या अवस्थेतली खूण सरळ उभं राहिल्यावर चुकीची ठरते.

आधी चार पावलं चालून या, म्हणजे पँट तिच्या जागेवर बसेल. पोट थोडं पुढे असलेल्यांनी तर हे नक्की करावं, कारण चालल्यावर त्यांची पँट समोरून पोटाखाली सरकते आणि लांबी बदलते. खिशात रोज मोबाइल आणि पाकीट असेल तर तेही ठेवा, कारण त्या वजनानेही पँट खाली ओढली जाते. मग दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभं राहा आणि समोर बघा. लांबी कशी दिसते हे बघायचंच असेल तर सोबतच्याला बाजूने, गुडघ्याच्या उंचीवरून मोबाइलवर फोटो काढायला सांगा.

टाचण्या दोन्ही पायांना लावून घ्या. अनेकांच्या दोन पायांत पाव-अर्ध्या इंचाचा फरक असतो. एकाच पायाचं माप दोन्हीकडे लावलं तर एका बुटावर ब्रेक पडतो आणि दुसऱ्यावर नाही.

बसल्यावर पँट वर जाणारच. गुडघा वाकला की ती तीन-चार इंच सरकते, बाइकवर त्याहून जास्त. ते टाळायला म्हणून पँट लांब ठेवण्यात अर्थ नाही. त्यावरचा उपाय म्हणजे पोटरीपर्यंत येणारे, पँटच्या रंगाला जुळणारे मोजे.

खालची कड: सरळ, तिरकी की बाहेर दुमडलेली?

पँटची कड सरळ कापली तर समोर आणि मागे लांबी सारखीच राहते. पण बूट समोर उंच आणि मागे सखल असतो. समोर बरोबर ठेवलं तर मागे थोडी आखूड वाटते, मागे बरोबर ठेवलं तर समोर वळी पडते. यावर तोडगा म्हणजे तिरकी कड. मागची बाजू समोरच्यापेक्षा साधारण अर्धा इंच खाली ठेवतात. समोरची घडी जवळजवळ सरळ राहते आणि मागून बूटही झाकला जातो.

अर्धा इंच ऐकायला कमी वाटतो, पण १४ इंचांच्या बॉटमवर तो पुरेसा आहे. त्याहून जास्त तिरकं केलं तर बाजूने बघताना कड घसरल्यासारखी दिसते.

कड बाहेरच्या बाजूने दुमडून केलेल्या पट्टीला टर्न-अप किंवा कफ म्हणतात. तिची रुंदी सहसा दीड ते दोन इंच असते. तिथे कापड जास्त असल्याने पँट वजनाने सरळ लटकते. पण ही पट्टी नीट तिरकी करता येत नाही आणि आडव्या रेघेमुळे पाय थोडा आखूड भासतो. शिवाय कापडही बरंच लागतं. दीड इंचाच्या पट्टीसाठी तयार लांबीच्या खाली जवळपास चार इंच कापड हवं. आपल्या उदाहरणातल्या ४२ इंचांच्या पँटमध्ये ते नाहीच.

या पट्टीत जाणारं कापड इतकं असतं की दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने कापड वाचवण्यासाठी १९४२ साली पुरुषांच्या पँटच्या टर्न-अपवर बंदी घातली होती. लोकांनी त्यावर युक्ती काढली. मुद्दाम लांब पँट विकत घ्यायची आणि घरी दुमडून घ्यायची. १९४४ मध्ये ही बंदी उठवली गेली.

टेलरला नेमकं काय सांगायचं?

"खालून थोडी कमी करा" एवढ्यावर काम सोपवलं की थोडी म्हणजे किती, हे टेलर ठरवतो. त्याऐवजी या चार गोष्टी सांगा.

तयार लांबी आकड्यात. "कंबरपट्टी धरून मागून चाळीस, समोरून साडेएकोणचाळीस." हे बिलाच्या मागे लिहून घ्या.

आत मार्जिन. "आतलं कापड पूर्ण कापू नका भाऊ, दीड-दोन इंच आत ठेवा." हे कापड आत मुडपून ठेवलं जातं. पुढे लांबी चुकली किंवा उंची वाढली तर तेच कामाला येतं. अकरावी-बारावीतल्या मुलांच्या पँटमध्ये हे असायलाच हवं.

शिलाई बाहेर दिसू नये. मशीनने सरळ टीप मारली की कडेभोवती एक रेघ दिसते. जीन्सवर ती चालते. फॉर्मल पँटला हाताने तुरपाई करून घ्यावी, म्हणजे बाहेरून टाका दिसत नाही.

आधी ट्रायल, मग कडक इस्त्री. खालच्या घडीवर कडक इस्त्री बसली की तिची खूण जाणं अवघड होतं.

अरुंद पँटमध्ये आणखी एक अडचण येते. पाय खाली निमुळता होत जातो, त्यामुळे आत मुडपलेलं कापड वरच्या भागापेक्षा अरुंद असतं. ते तसंच शिवलं तर कड आत ओढली जाते आणि चुण्या पडतात. त्यासाठी आतल्या कापडाची बाजूची शिलाई थोडी उसवून ते पसरवावं लागतं. तसंच निमुळती पँट खालून दोन इंचांपेक्षा जास्त कापली तर बॉटम रुंद होतो, कारण अरुंद भागच कापला जातो. मग गुडघ्यापासून खाली शिलाई परत आत घ्यावी लागते. जास्त लांबी कमी करायची असेल तर हे काम आधीच बोलून घ्या.

पँट आखूड झालीच असेल तर?

आधी पँट उलटी करून आत किती कापड आहे ते मोजा. दीड इंच असेल तर त्यातलं एक इंच खाली सोडता येतं, उरलेलं अर्धा इंच कड शिवायला लागतं. पूर्ण लांबी हवी असेल तर आतून वेगळ्या कापडाची पट्टी जोडून घेतात, म्हणजे मूळ कापड जवळजवळ सगळं खाली वापरता येतं.

याला मर्यादा आहेत. जुन्या घडीच्या जागी एक रेघ राहते. नव्या पँटवर वाफेच्या इस्त्रीने ती बरीच पुसट होते. पण वर्षभर वापरलेल्या काळ्या किंवा गडद निळ्या पँटवर वरचं कापड उडालेलं असतं आणि आतलं ताजं असतं. तो रंगाचा फरक जात नाही. पॉलिस्टरवर कडक इस्त्रीची रेघही सहसा राहतेच.

आत कापडच नसेल, तर बूट बदलणं हा एकच खरा मार्ग उरतो. टाच कमी असलेले बूट घातले तर पँट जमिनीच्या जवळ येते, आणि पँटच्याच रंगाचे मोजे घातले तर उघडी जागा कमी जाणवते.

पँट घरी नेण्याआधी काय तपासायचं?

बूट घालून आरशासमोर बाजूने उभं राहा. समोर एकापेक्षा जास्त वळ्या दिसल्या तर पँट लांब आहे. मागून बुटाचा वरचा काठ पूर्ण उघडा दिसला तर ती आखूड आहे. मग दहा-बारा पावलं चाला. कड टाचेखाली येत असेल तर अर्धा इंच आणखी कमी करून घ्या. कमी करणं तिथल्या तिथे होतं. वाढवणं मात्र आत किती कापड ठेवलं आहे त्यावर अवलंबून असतं, म्हणून शंका असेल तेव्हा पहिली खूण अर्धा इंच लांबच मारून घ्यावी.